अंगठीतला लाल खडा ओळखायचाय: फोटोवर विसंबायचं, भिंग घ्यायचं की प्रयोगशाळेत जायचं?

घरात जुनी अंगठी निघाली, किंवा कुणी स्वस्तात माणिक देऊ केलं, की पहिला विचार मनात येतो तो हाच: फोटो काढावा आणि एखाद्या जाणकाराला पाठवावा. मीही तेच केलं होतं. पुढे भिंग विकत घेतलं आणि शेवटी प्रयोगशाळेची पायरीही चढलो. तिन्ही वाटा चालून झाल्या आहेत, म्हणून तुमच्यासारख्या निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी हे लिहितोय. माझा कल भिंगाकडे आहे. तो का झाला, ते पुढे येईलच. तुमची गरज वेगळी असेल, तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

अंगठी माझ्या आत्याची. सोन्यात बसवलेला साधारण सात मिलिमीटरचा लाल खडा, कोंदण खालून उघडं. तिच्या लग्नात मिळालेली, म्हणजे साठच्या दशकातली. नातीला द्यायच्या आधी खडा खरा की काच, हे तिला कळायला हवं होतं. मी खिडकीशी बसून फोटो काढले आणि तीन जणांना पाठवले. एक म्हणाले, रंग बघता माणिक वाटतंय. दुसरे म्हणाले, गार्नेट असावा, म्हणजे माणकासारखाच लाल दिसणारा दुसरा खडा. तिसऱ्यांनी खड्याच्या कडेजवळचा एक पांढुरका ठिपका दाखवला आणि ठामपणे सांगितलं, "हा बुडबुडा आहे. काच आहे."

तिघेही अनुभवी. चूक त्यांची नव्हती, कारण मी त्यांच्या हाती जे दिलं होतं, त्यात उत्तर नव्हतंच. फोटोत नोंदले जातात ते रंग आणि आकार, आणि नक्कल करणारा नेमकी याच दोन गोष्टींची नक्कल करतो. काचेला हवा तो लाल रंग देता येतो आणि हव्या त्या पद्धतीने पैलू पाडता येतात. माणिक काचेहून वेगळं ठरतं ते दुसऱ्याच गुणांनी. प्रकाश खड्यात शिरताना किती वाकतो, हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक; माणकाचा तो १.७६ ते १.७७ असतो. त्यातून जाणारा प्रकाश दोन किरणांत विभागला जातो, काचेत तसं होत नाही. माणिक पाण्याच्या चौपट जड असतं आणि त्याचा कठीणपणा दहापर्यंतच्या मोह्स मापावर ९, तर काचेचा साडेपाचच्या आसपास. यातलं काहीही फोटोत उतरत नाही.

रंगाचं म्हणाल, तर तोही भरवशाचा नाही. फोनचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतो. सोन्याचा पिवळा आणि तळहाताचा गुलाबी रंग मिळून त्याचा अंदाज चुकवतात. गडद लाल खड्याच्या बाबतीत तर लाल रंगाची नोंद इतकी भरून जाते की आतल्या बारीक छटा एका सपाट डागासारख्या दिसू लागतात. माझ्याच दोन फोटोंत, एक उन्हात आणि एक ट्यूबलाइटखाली, खडा दोन वेगळ्या जातींचा वाटत होता. आणि डोळ्यांनी रंग बघून फसण्याची परंपरा मोठी आहे. ब्रिटनच्या राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' खरं तर स्पिनेल आहे, माणकासारखंच दिसणारं वेगळं रत्न.

तरी माझा निर्णय रंगाने केला नाही, तो केला त्या पांढुरक्या ठिपक्याने. ठिपका खड्याच्या आत आहे, वर आहे की खालच्या बाजूला चिकटलाय, हे फोटो सांगत नाही. फोटोला खोली नाही. मी चार नवे फोटो काढले, पण प्रत्येक फोटोत ठिपका पुन्हा सपाटच. तो कितीसा दिसणार, याचा हिशोब मी नंतर मांडला. अंगठी धरलेल्या हाताचा दहा सेंटिमीटर रुंद भाग चार हजार पिक्सेलच्या फोटोत आला, तर एका मिलिमीटरला चाळीस पिक्सेल मिळतात. ०.०५ मिलिमीटरचा बुडबुडा म्हणजे दोन पिक्सेल. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून जाताना आकसून सोळाशे पिक्सेलचा झाला, की बुडबुड्याच्या वाट्याला एक पिक्सेलही पुरता येत नाही. त्यावर फोन स्वतःहून कडा ठळक करतो आणि दाणे पुसतो. म्हणजे बुडबुडा असूनही दिसत नाही, आणि नसलेला दिसू शकतो.

मग दहापट मोठं दाखवणारं, तीन भिंगं एकत्र बसवलेलं जवाहिऱ्याचं भिंग आणलं. ते वापरायची एक रीत आहे, आणि मला ती जमायला आठवडाभर लागला. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, अंगठी त्याच्यापुढे अडीच सेंटिमीटरवर आणायची, उजेड बाजूने घ्यायचा आणि हळूहळू अंगठी कलती करत राहायची. सगळं काम हे कलतं करणंच करतं. पृष्ठभागावरची धूळ पैलूसोबत सरकते. आतली गोष्ट वेगळ्या गतीने सरकते आणि एकेका पैलूतून वेगळ्या जागी दिसते.

अंगठी कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुतली आणि पाहिलं. तो पांढुरका ठिपका गेला होता! खालच्या उघड्या बाजूने वर्षानुवर्षं साचलेलं पीठ आणि साबण, एवढंच ते होतं. ज्याच्या भरवशावर अंगठी काचेची ठरली होती, ते एका धुण्यात निघून गेलं. मी खरंच हादरलो, कारण त्या उत्तरावर विसंबून आत्याने अंगठी मोडीत दिली असती.

पुढे दोन खुणा मिळाल्या. पहिली, पैलूंच्या कडा. साठ वर्षं रोजच्या वापरात राहिलेली काच घासून बोथट होते, कडांना बारीक टवके पडतात. या खड्याच्या कडा धारदार होत्या. दुसरी खूण पोलरॉइड गॉगलने मिळाली. अंगठी खिडकीतल्या पांढऱ्या उजेडासमोर धरून, गॉगलची एक काच खड्यापुढे हळूहळू फिरवली. लाल रंग एकदा जांभळटाकडे झुकला, नव्वद अंशांवर थोडा नारिंगीकडे. काच असं कधीच करत नाही. गार्नेट आणि स्पिनेलही करत नाहीत. मात्र खड्यातून एका ठरावीक दिशेने पाहिलं, तर माणकातही हा फरक दिसत नाही, म्हणून दोन-तीन बाजूंनी पाहावं लागतं. काच आणि गार्नेट दोन्ही बाद झाले.

आता माणिक म्हणून मोकळं व्हावं, असं वाटत होतं. पण भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली. आत खरोखरच एक गोल, अगदी बारीक बुडबुडा होता आणि त्याच्याजवळ अंधुक वक्र रेघा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या. नैसर्गिक माणकात रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात वळलेले असतात. वक्र रेघा येतात त्या ज्वालेत वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेल्या कृत्रिम माणकात. ऑग्यूस्त व्हर्नेई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. पुढे अशा खड्यांचं उत्पादन भरपूर झालं, आणि जुन्या सोन्याच्या अंगठ्यांत ते सर्रास सापडतात. म्हणजे बुडबुडा होता, पण काच नव्हती. 'बुडबुडा म्हणजे काच' ही खूण स्वतःच अपुरी आहे, हे मला इथे शिकायला मिळालं.

खात्रीसाठी प्रयोगशाळेत गेलो. मुंबईत आणि जयपूरला चांगल्या प्रयोगशाळा आहेत. त्यांनी अपवर्तनांक मोजला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि कृत्रिम कोरंडम असं लिहून दिलं. कोरंडम म्हणजे माणिक ज्याचं बनतं ते खनिज. प्रयोगशाळेचं मोल निर्विवाद आहे, विशेषतः मोठी रक्कम गुंतलेली असेल, किंवा शिशाच्या काचेने भेगा भरलेल्या माणकाचा संशय असेल तर. हे भरलेले खडे २००४ च्या सुमारास बाजारात आले. त्यांच्यात माणिकही असतं आणि काचही. भिंगातून खडा कलता केला की भेगांच्या आत निळसर झळक दिसते, पण काच किती भरली आहे, हे ठरवणं माझ्यासारख्याचं काम नाही. अशी अंगठी सोनाराच्या ज्योतीखाली किंवा आम्लात गेली, तर ती काच बिघडते, म्हणून डागडुजीआधी हे कळलेलं बरं. प्रयोगशाळेची एक मर्यादाही आहे: बसवलेल्या खड्याच्या सगळ्या बाजू दिसत नाहीत, त्यामुळे दाखल्यावर 'कोंदणात जितकं तपासता आलं तितकं' अशी अट येऊ शकते.

फोटो अगदीच टाकाऊ आहे, असं मी म्हणणार नाही. अंतर फार असेल, भाऊ अमेरिकेत आणि अंगठी साताऱ्यात, तर दुसरा मार्ग नसतो. तेव्हा वरून काढलेला चकचकीत फोटो मागू नका. अंगठी धुवून, मग बाजूने आणि खालून काढलेले फोटो मागा. खालचे पैलू जरासे खोलगट आणि कडा गोलसर दिसल्या, तर साच्यात ओतलेल्या काचेची शक्यता वाढते. बंद कोंदणातून चांदीसारखा पातळ पत्रा चमकत असेल, तर रंग खड्याचा की खाली लावलेल्या त्या पत्र्याचा, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या अंगठीवर बोथट, टवके उडालेल्या कडा दिसल्या, तर माणिक असण्याची शक्यता बरीच कमी होते. पण उलट बाजूने हे खरं नाही. धारदार कडा नव्या काचेच्याही असतात. फोटो खड्याविरुद्ध साक्ष देऊ शकतो, बाजूने क्वचितच. सोन्यावरचा हॉलमार्कही सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल नाही. फोटोपेक्षा खिडकीशी बसून अंगठी कलती करत काढलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ मला जास्त उपयोगी वाटतो. त्यात ठिपका पैलूसोबत सरकतो की मागे राहतो, एवढं तरी दिसतं.

एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू नका: खडा ओरखडून पाहणं. माणिक काचेला ओरखडतं हे खरं, पण खडा दुसराच निघाला तर नुकसान आपलं. गार लागतो का, हे ओठाला लावून पाहतात. काच त्यामानाने कोमट लागते, तरी सोन्याच्या कोंदणात आणि पुण्याच्या उन्हाळ्यात मला तो फरक नीट ओळखता आलेला नाही.

त्यामुळे कुणी विचारलं, तर मी सांगतो की खर्च करायचा असेल तर आधी भिंगावर करा, मग रक्कम पाहून प्रयोगशाळेवर. भिंग माझ्याकडे काही शे रुपयांत आलं आणि आता घरातल्या बहुतेक अंगठ्या त्याखालून गेल्या आहेत.

दाखला घेऊन आत्याकडे गेलो, तेव्हा मला धाकधूक होती. तिने तो दोनदा वाचला, अंगठी बोटात घातली आणि म्हणाली, "म्हणजे काच नाही ना? मग नातीला देईन, पण तिला खरं काय ते सांगूनच." दाखला तिने अंगठीच्या डबीतच घडी करून ठेवलाय.