कीर्तनाचं रेकॉर्डिंग: फोन, साधा रेकॉर्डर, 32-बिट फ्लोट की मिक्सरची वायर?

दोन तासांच्या वारकरी कीर्तनात आवाजाची दोन टोकं असतात. एका टोकाला पंचवीस टाळ, मृदंग आणि सगळ्या सभागृहाचा गजर. दुसऱ्या टोकाला निरूपणात खाली आलेला महाराजांचा आवाज, ज्यासाठी मागच्या रांगेतला माणूसही कान पुढे करतो. रेकॉर्डर ठेवलाय त्या जागी या दोन टोकांमध्ये साधारण 30 डेसिबलचं अंतर पडतं. म्हणजे गजराचा दाब निरूपणाच्या जवळजवळ तीसपट. कोणतं साधन घ्यायचं हे ठरवताना एकच प्रश्न विचारावा: हे अंतर ते कसं हाताळतं?

ऑटो गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा हे स्वतःच ठरवणारं आणि मेनूत Auto Level किंवा AGC असं दिसतं ते, हे अंतर पुसून टाकतं. टाळ वाजले की काही मिलिसेकंदांत ते गेन खाली ओढतं. टाळ थांबले की मात्र गेन हळूहळू, कित्येक सेकंद घेत, वर येतो. त्यामुळे गजरानंतर निरूपणाची पहिली दोन-तीन वाक्यं खोल विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात. पुढे महाराज काही सेकंद थांबले की गेन वर चढतो आणि पंख्याची घरघर, कुणाचा खोकला, रडणारं पोर, सगळं महाराजांच्या आवाजाइतकं मोठं होतं. मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा प्रत्येक ठोकाही गेन दाबतो, त्यामुळे गाणाऱ्याचा आवाज ठेक्याबरोबर खालीवर हलतो. हे नंतर दुरुस्त होत नाही, कारण कोणत्या क्षणी गेन किती होता याची नोंद फाइलमध्ये कुठेच नसते.

तुमच्या साधनात हे चालू आहे का, ते घरीच तपासता येतं. रेडिओ एका ठरावीक आवाजात लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि माइकजवळ तीन-चार जोरदार टाळ्या वाजवा. ऐकताना टाळीनंतर रेडिओ दबून परत वर चढत असेल, तर ऑटो गेन चालू आहे. जुनी फाइल असेल तर ती Audacity मध्ये उघडा. गजर आणि निरूपण सारख्याच उंचीचे दिसले, तर तेही याच रोगाचं लक्षण.

फोन

फोन खिशात असतोच, म्हणून बहुतेक कीर्तनं त्यावरच रेकॉर्ड होतात. पण फोनचा माइक बोलण्यासाठी बसवलेला असतो. ऑटो गेनबरोबर तो आवाजाची सफाईही करतो. एकसारखा चालणारा स्वर त्याला गोंगाट वाटतो, म्हणून पेटीचा धरून ठेवलेला सूर आणि वीणेची आस तो खाऊन टाकतो. अँड्रॉइडवर व्हिडिओसाठी Open Camera हे अॅप वापरलं, तर सेटिंगमध्ये Audio source निवडता येतो. तिथे Unprocessed घेऊन वरची रेडिओची परीक्षा पुन्हा करा. फोनगणिक फरक पडतो. काही फोन ही निवड मानतात, काही मानत नाहीत. मानली तरी गेन हाताने कमी करता येईलच असं नाही, आणि मग टाळांजवळ आवाज फाटतो.

फोनच वापरायचा असेल तर टाळकऱ्यांपासून दूर आणि स्पीकरच्या बाजूला ठेवा. विमान मोडही लावा, नाहीतर मध्येच आलेला फोन रेकॉर्डिंग थांबवू शकतो. घरच्या भजनाला फोन चालतो. जपून ठेवायच्या कीर्तनासाठी तो घेऊ नये.

गेन हाताने लावता येतो असा रेकॉर्डर

आमच्या मते बहुतेक मंडळांनी इथेच थांबावं. झूम एच1एन, टॅस्कॅम डीआर-05एक्स अशा हातात मावणाऱ्या यंत्रांत ऑटो लेव्हल पूर्ण बंद करता येतं. पहिलं काम तेच. फॉरमॅट WAV, 48 kHz, 24 बिट. एमपी3 टाळा, टाळांचा तीक्ष्ण, पसरट आवाज कमी बिटरेटच्या एमपी3मध्ये पाण्याखालून आल्यासारखा सळसळतो. या फॉरमॅटमध्ये तासाला साधारण 1 जीबी जागा लागते. काही यंत्रं 2 जीबीला नवी फाइल सुरू करतात, त्यामुळे कीर्तन संपल्यावर दोन फाइली दिसल्या तर घाबरू नका.

खरी चूक लेव्हल लावताना होते. साउंडवाला "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणत असताना किंवा पेटी जुळवताना लेव्हल लावली जाते. तेव्हा काटा छान मध्यावर दिसतो आणि पहिल्याच गजरात तो लाल होतो. लेव्हल लावायची वेळ म्हणजे सुरुवातीचा रामकृष्णहरीचा गजर. तेव्हा टाळ आणि मृदंग पूर्ण वाजतात आणि निरूपण अजून दूर असतं. 0 dB ला आवाज फाटतो, म्हणून त्या गजराची सर्वात उंच टोकं −18 dB च्या आसपास राहतील एवढाच गेन ठेवा. शेवटच्या गजरात लय चढते, लोक टाळ्या धरतात आणि आवाज आणखी पाच-सहा डेसिबल वर जातो. म्हणजे तोही −12 पर्यंतच पोचेल आणि अनपेक्षित टाळाला जागा उरेल. यानंतर गेनला हात लावायचा नाही.

मग निरूपणात काटा −45 च्या आसपास रेंगाळतो आणि "काहीच रेकॉर्ड होत नाहीये" अशी भीती वाटते. ती वाटू देऊ नका. 24 बिटच्या फाइलमध्ये खाली भरपूर जागा असते. भरलेल्या सभागृहातली पंख्यांची आणि माणसांची सळसळ रेकॉर्डरच्या स्वतःच्या सुसकाऱ्यापेक्षा बरीच मोठी असते. तेवढा भाग नंतर 15-20 dB ने उचलला तर सभागृह मोठं ऐकू येईल, यंत्राची सूं-सूं नाही. हळू रेकॉर्ड झालेलं उचलता येतं; फाटलेल्या आवाजाची टोकं कापली गेलेली असतात, ती कुठूनच परत आणता येत नाहीत.

लिमिटर आणि ऑटो गेन यांची गल्लत होते, म्हणून सांगतो. लिमिटर ठरावीक पातळीच्या वर गेलेलं टोकच दाबतो आणि खालच्या निरूपणाला हात लावत नाही. तो चालू ठेवायला हरकत नाही, पण वरच्या पद्धतीने लेव्हल लावली तर त्याला काम उरत नाही. त्याहून उपयोगी सोय म्हणजे दुहेरी रेकॉर्डिंग. झूम एच5 आणि टॅस्कॅम डीआर-40एक्स यांसारखी यंत्रं त्याच वेळी कमी पातळीची दुसरी फाइल करतात. मुख्य फाइल जिथे फाटली, तिथे तेवढाच तुकडा दुसरीतून घ्यायचा.

गेनच्याही आधी येतं ते अंतर. यंत्र टाळकऱ्यांच्या रांगेपासून दोन मीटरवरून आठ मीटरवर नेलं, तर उघड्या जागेत टाळांचा थेट आवाज 12 dB ने उतरतो. सभागृहात भिंतींच्या घुमण्यामुळे थोडा कमी उतरतो. त्याच वेळी तुम्ही स्पीकरच्या जवळ आलात, तर महाराजांचा आवाज तुलनेने वर येतो आणि मूळ 30 डेसिबलचं अंतरच घटतं. व्यासपीठापासून सात-आठ मीटर, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, स्टँडवर दोन-सव्वादोन मीटर उंच ही चांगली सुरुवात आहे. फार मागे गेलात तर घुमारा शब्द खातो. सतरंजीवर ठेवू नका. पावली सुरू झाली की पायांचे ठोके थेट माइकमध्ये जातात. लो-कट बटण हे ठोके कमी करतं, पण जास्त लावलं तर मृदंगाचा घुमाराही पोकळ होतो. 80 Hz च्या पुढे जाऊ नये.

32-बिट फ्लोट

झूम एच1एसेन्शियल, एच4एसेन्शियल, एफ3 या यंत्रांत आत आवाजाचे आकडे करणारे, वेगवेगळ्या संवेदनक्षमतेचे दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी. यंत्र दोघांचं जुळवून एक फाइल करतं. गेन लावायचाच नसतो. फाइल उघडल्यावर गजर 0 dB च्या वर कापल्यासारखा दिसला तरी पातळी खाली आणली की टोकं शाबूत परत येतात. एक सांभाळायचं: पातळी उतरवायच्या आधी 16 किंवा 24 बिटमध्ये एक्सपोर्ट केलं, तर तिथेच आवाज फाटतो आणि यंत्राला उगीच दोष मिळतो.

याची मर्यादा जाहिरातीत ठळक लिहिलेली नसते. फ्लोट कन्व्हर्टरला वाचवतं, माइकला नाही. लहान यंत्रातला अंगचा माइक साधारण 120 डेसिबलच्या आसपास स्वतःच फाटायला लागतो. ओळीत उभ्या टाळकऱ्याच्या हातापासून एका फुटावर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पातळी उतरवूनही फाटलेपण गेलं नाही, तर चूक जागेची आहे असं समजा. रेकॉर्डिंग करणारा माणूस स्वतः टाळ धरून उभा राहणार असेल आणि यंत्राकडे बघायला कुणी नसेल, तर जादा पैसे इथे घालावेत. कुणी बसून बघणार असेल तर वरचा साधा रेकॉर्डर तेवढंच काम करतो.

मिक्सरची वायर

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतली की निरूपणाचा शब्दन्शब्द स्वच्छ मिळतो. पण मिक्सरला फक्त माइकसमोरचंच ऐकू येतं. पंचवीस टाळकऱ्यांसमोर दोन माइक असतात आणि श्रोत्यांसमोर एकही नसतो. म्हणून वायरवरचा गजर चार-पाच माणसांचा वाटतो.

इथे आवाज फाटण्याचं कारण वेगळं असतं. मिक्सरच्या REC OUT मधून लाइन पातळी येते, म्हणजे सुमारे एक तृतीयांश व्होल्ट. मेन आउटमधून त्याच्या जवळजवळ चौपट. रेकॉर्डरचं माइकचं भोक मिलिव्होल्टसाठी असतं. तिथे ती वायर लावली तर गेन शून्यावर आणूनही आवाज फाटलेलाच राहतो, आणि काटा मात्र खाली दिसू शकतो. LINE IN वापरा, नाहीतर मध्ये पातळी 20-30 dB ने उतरवणारा अटेन्युएटर घाला. 50 Hz ची घूं ऐकू आली तर रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, तरी न गेल्यास आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. REC OUT मुख्य फेडरबरोबर खालीवर होतो का, हे साउंडवाल्याला आधीच विचारा. तसं असेल तर त्याने शिट्टी थांबवायला ओढलेला फेडर तुमच्या फाइलमध्येही ओढला जाईल.

सर्वांत चांगलं रेकॉर्डिंग दोन्ही एकत्र केल्यावर मिळतं: शब्द वायरवरून, गजर सभागृहातल्या यंत्रावरून. रेकॉर्डर स्पीकरपासून 8 मीटरवर असेल, तर हवेतून येणारा आवाज वायरपेक्षा सुमारे 23 मिलिसेकंद उशिरा पोचतो. वायरचा ट्रॅक तेवढाच उशिरा सुरू होईल असा सरकवला नाही, तर प्रत्येक शब्दाला डब्यातल्यासारखा प्रतिध्वनी येतो. दोन वेगळी यंत्रं असतील तर त्यांची घड्याळंही हळूहळू वेगळी होतात. फरक दहा लाखात वीस इतका बारीक असला, तरी दोन तासांत तो 144 मिलिसेकंदांवर जातो. म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी टाळाचा एकेक स्पष्ट ठोका शोधून जुळवा. ही कटकट नको असेल, तर LINE IN आणि स्वतःचे माइक एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणारं चार ट्रॅकचं यंत्र घ्या. दोन्ही एकाच घड्याळावर चालतात, आणि मग फक्त ते 23 मिलिसेकंद सरकवायचे उरतात.