१५० एएच बॅटरी, दोन पंखे, चार दिवे: खरा बॅकअप किती मिळतो, काही महिन्यांच्या वापरानंतर

इन्व्हर्टर घेऊन आता बरेच महिने झालेत. उन्हाळ्यातले लांब पॉवर कट पण बघून झालेत, म्हणून फक्त एकाच गोष्टीवर लिहितोय, लाईट गेल्यावर बॅटरी नेमकी किती तास चालते. कारण सगळीकडे एकच हिशोब सांगतात, १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, त्याला लोडने भागा, झालं. माझा लोड म्हणजे ७५ वॅटचे दोन साधे सीलिंग फॅन, ९ वॅटचे चार एलईडी बल्ब आणि राऊटर, सगळं मिळून २०० वॅटच्या आसपास. त्या हिशोबाने ९ तास यायला पाहिजेत. प्रत्यक्षात बॅटरी नवीन आणि फुल चार्ज असताना ६ तासांच्या आसपास मिळतात. आणि बॅटरी खराब आहे म्हणून नाही, तो हिशोबच अर्धा आहे.

पहिली गळती इन्व्हर्टरमध्येच होते. १२ व्होल्ट डीसीचं २३० व्होल्ट एसी करताना थोडी पॉवर उष्णतेत जाते आणि इन्व्हर्टर स्वतः पण थोडी खातो, त्यामुळे घरात २०० वॅट वापरले तरी बॅटरीतून साधारण २४० वॅट निघतात, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर. क्लॅम्प मीटर असेल (डीसी मोजणारा हवा, साधा एसीवाला इथे चालत नाही) तर बॅटरीच्या जाड वायरवर लावून बघा, हा एक आकडा हातात आला की अंदाज लावायची गरजच राहत नाही.

आता २० अँपिअर म्हटलं की १५० भागिले २० म्हणजे साडेसात तास, मग सहाच का? तर बॅटरीवर एएचच्या शेजारी C20 लिहिलेलं असतं ते बघा. त्याचा अर्थ असा की २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने काढली तर १५० एएच मिळतील. लेड ॲसिड बॅटरीतून जोरात करंट ओढला की प्लेटच्या आतपर्यंत ॲसिड तेवढ्या वेगाने पोचत नाही, व्होल्टेज लवकर पडतं आणि साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर कट करतो. २० अँपिअरला १५० ऐवजी १२० च्या आसपासच एएच हाती लागतात. १२० भागिले २०, सहा तास. जमला हिशोब.

याचीच उलटी बाजू मला जास्त आवडली. दोन्ही पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर तोच लोड १०६ वॅटच्या जवळ येतो, बॅटरीतून साधारण ११ अँपिअर, आणि एवढ्या कमी करंटला तीच बॅटरी १३५ ते १४० एएच देते, म्हणजे बारा तासांच्या पुढे. लोड निम्म्यावर आला, वेळ दुपटीच्या वर गेला! म्हणून बॅकअप कमी पडतोय असं वाटलं की मोठी बॅटरी बघण्याआधी पंखे बघा असं मी अगदी ठामपणे सांगेन, दिव्यांचा तर ह्यात फार हिस्साच नसतो. आणि हो, इन्व्हर्टरचे व्हीए वाढवून बॅकअप वाढत नाही, त्याने फक्त एकावेळी किती लोड लावता येईल ते ठरतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, ती म्हणजे दिवसातला दुसरा कट. १२० एएच काढले की परत भरायला त्याच्या वर साधारण २० टक्के जास्त लागतात, म्हणजे १४५ च्या आसपास, आणि चार्जर १२ अँपिअरचा असेल तर बारा तास तरी गेलेच, शेवटी शेवटी करंट कमी होत जातो म्हणून जरा जास्तच. बॅटरी पूर्ण उतरल्यावर लाईट चारच तास आली तर आत जमा होतात फक्त ४० एएच, म्हणजे साध्या पंख्यांवर जेमतेम दोन तास, आणि तेव्हा डिस्प्लेवर व्होल्टेज मस्त दिसतं कारण चार्जिंग नुकतंच सुटलेलं असतं, त्या आकड्यावर विसंबू नका, लोड चालू करून थोडा वेळ जाऊ द्या मग वाचा.

बॅकअप हळूहळू कमी होत गेला तर ते वयाने, पण अचानक घसरला तर आधी टर्मिनल घट्ट आहेत का आणि पांढरट थर चढलाय का ते बघा, २० अँपिअरला ढिल्या जोडावर पण व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. ते ठीक असेल तर फुल चार्जनंतर हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता तपासा. ट्युब्युलरला १.२४० च्या आसपास यायला हवं, पाच सेल तिथे आणि एकच १.२०० वर अडकलेला असेल तर तोच सेल बाकीच्या पाचांना खाली ओढतोय.