पाकिटावरचा युनिट दर की आपला तक्ता?

दोन दुकानांतलं किंवा दोन आकारांचं सामान तोलून पाहायचं तर पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरांत छापलेला युनिट दर असतो, नाहीतर मोबाइलच्या शीटमध्ये स्वतः मांडलेला तक्ता. मी दोन्ही वापरतो, पण सारखे नाही.

छापील दराला काही कष्ट नाहीत. साबणाची पावडर दोन किलोची घ्यावी की चारची, एवढंच ठरवायचं असेल तर तो बघावा आणि पुढे चालावं. मला त्याचा वैताग आला तो पोह्यांच्या वेळी. पाकीट किलोच्या आतलं असेल तर नियमानुसार दर ग्रॅमला छापतात, तोही दोन दशांशांपर्यंत. अर्धा किलो पोहे एका कंपनीचे 34 रुपये, दुसरीचे 37. दोन्हींवर छापलंय 0.07 रुपये! किलोला एक 68 पडतात, दुसरे 74. सहा रुपयांचा फरक दशांशात गडप. वर हा दर एमआरपीवरचा. दुकानदाराने लावलेली सूट त्याच्या गावी नसते.

तक्त्यात ब रकान्यात खरोखर मोजलेले पैसे, क मध्ये ग्रॅम, आणि पुढे किलोचा दर:

```
=B2/C2*1000
```

तेलाची ओळ मात्र वेगळी ठेवावी. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणून तिथे हजाराऐवजी 910 ने गुणलं की लिटरचा दर येतो. समजा शेजारी शेजारी दोन डबे आहेत, 15 लिटरचा 2130 ला आणि 15 किलोचा 2280 ला. दिसायला जवळपास सारखेच, आणि हात आपसूक स्वस्ताकडे जातो. लिटरवाल्याचा दर सरळ 142. किलोवाल्यात जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असतं, तो पडतो 138 ला. एकावर लिटरचा आणि दुसऱ्यावर किलोचा दर छापलेला असताना हे दुकानात तोंडी कोण करणार?

तक्त्याची कटकट आहेच. आकडे भरावे लागतात, आणि 500 च्या जागी 50 पडलं तर तूरडाळ दहापट महाग दिसते. अर्थात असा दर लगेच डोळ्यात खुपतो. 0.5 लिहिलंत तर लाखांतला आकडा येतो, म्हणून वजन कायम ग्रॅममध्येच. डाळ शिजते कशी, हेही त्याला कळत नाही. महिन्याला दोन लिटर तेल लागणाऱ्या घरात मोठा डबा संपेपर्यंत खवट होऊ शकतो, तिथे 138 चा दर कामाचा नाही.

जिरं, हळद असल्या लहानसहान जिनसांसाठी मी तक्ता उघडतही नाही. तेल, तांदूळ, पोहे आणि डाळी एवढ्याच ओळी ठेवल्या, तर बहुतेकांना तो जड जाऊ नये असं वाटतं.