मंजुरीआधी टाइमशीट तपासायचं एक्सेल पत्रक : काही महिने वापरल्यानंतर

आमचं ऑफिस पुण्यात, काम प्लांट डिझाइनचं. बरेच जॉब तासांवर बिल होतात, त्यामुळे टाइमशीटमधला प्रत्येक तास कुणाच्या तरी बिलात जाऊन बसतो. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही मंजुरीच्या आधी एक तपासपत्रक चालवतो. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेतलेलं नाही. टाइमशीटची आठवड्याची CSV फाइल एक्सेलमध्ये ओढायची आणि चार-पाच जादा रकान्यांत सूत्रं लावायची, एवढंच. याच खटपटीत असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मूळ अडचण सांगतो. मंजुरी जॉबनुसार होते आणि चूक माणसानुसार. प्रत्येक प्रोजेक्ट लीडला फक्त स्वतःच्या जॉबचे तास दिसतात. ‘माझ्या जॉबवर चार तास, ठीक आहे’ म्हणून तो सही करतो, दुसरा लीड त्याच माणसाचे तीन तास मंजूर करतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्या माणसाचा पूर्ण दिवस एकत्र कुणीच बघत नाही. म्हणून तपासणी शीट लीडकडे विभागून जाण्याआधी, माणूस आणि तारीख धरून व्हायला हवी. नंतर केली तर अर्ध्या नोंदी मंजूर झालेल्या असतात आणि त्या परत उघडायला सगळ्यांचं मन वळवावं लागतं.

एक खरं उदाहरण घेऊ, जॉब नंबर बदलून. एका पाइपिंग डिझायनरचा गुरुवार असा होता : ९ ते १ जॉब २४१७, साडेअकरा ते अडीच जॉब २४३१, ३ ते ६ जॉब २३९८. बेरीज १० तास. काम तुंबलेलं असताना १० तास कुणालाच खटकत नाहीत. पण साडेअकरा ते एक हा दीड तास दोन जॉबवर पडला होता, म्हणजे प्रत्यक्ष काम साडेआठ तासांचं होतं. गेटच्या पंचिंगशी ताडून पाहिलं तर तिथेही साडेआठच्या वर जागा नव्हती. विचारल्यावर कळलं, २४१७ च्या मॉडेलवर बसलेला असतानाच तो २४३१ च्या रिव्ह्यू कॉलवर होता. दीड तास नेमका कुठे टाकायचा हे त्यानेच ठरवलं. पत्रक चालवणाऱ्याने आकडा कधीही स्वतः बदलू नये, नोंद परत पाठवावी, असं माझं ठाम मत आहे. उद्या क्लायंटने ऑडिट मागितलं तर ज्याचे तास, त्याचंच उत्तर हवं.

सूत्र असं. A मध्ये कर्मचारी क्रमांक, B तारीख, C सुरुवात, D शेवट. G आणि H हे मदतीचे रकाने, I मध्ये निकाल :

```
G2: =ROUND((B2+C2)*1440,0)
H2: =ROUND((B2+D2+(D2<C2))*1440,0)
I2: =COUNTIFS(A:A,A2,G:G,"<"&H2,H:H,">"&G2)>1
```

एक नोंद दुसरी संपण्याआधी सुरू होत असेल आणि दुसरी सुरू झाल्यानंतर संपत असेल, तर त्या एकमेकींवर चढतात. प्रत्येक ओळ स्वतःशीही जुळते, म्हणून शेवटी एकापेक्षा जास्त ही अट.

मिनिटांचे रकाने कशाला, असं कुणीही विचारेल. सुरुवातीला सूत्र थेट वेळेवर लावलं होतं तेव्हा विचित्र प्रकार दिसायचा. ९ ते १२ आणि १२ ते २ या लागून असलेल्या नोंदी बिनचूक सुटायच्या, पण ९ ते ११ आणि ११ ते १ यांवर लाल खूण यायची. एक्सेलसाठी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. बारा म्हणजे नेमका ०.५, पण अकरा म्हणजे ०.४५८३३३… असा न संपणारा. `"<"&` ने आकडा मजकुराला जोडला की १५ अंकांच्या पुढचं कापलं जातं, आणि तेवढ्या सूक्ष्म फरकाने लागून असलेल्या वेळा चढलेल्या ठरतात. पूर्ण मिनिटांत बदलल्यावर हा त्रास कायमचा गेला. खोट्या खुणा येत राहिल्या की लोक खऱ्याही बघेनासे होतात, म्हणून हा बदल मी सर्वांत मोलाचा मानतो.

H मधला `(D2<C2)` साइटवरच्या रात्रपाळीसाठी आहे. रात्री १० ते सकाळी ६ अशी नोंद असेल तर शेवट दुसऱ्या दिवसात ढकलायचा. पण याच नियमाचा एक उपद्रव आहे. कुणी १८:०० ऐवजी ०६:०० टाइप केलं की दुपारी २ ते सकाळी ६ अशी सोळा तासांची नोंद तयार होते. सकाळचे चार धरून दिवस वीस तासांचा. दिवसाची बेरीज २४ तासांच्या आत हवी, या मर्यादेत हा बसतो! म्हणून एकच मर्यादा ठेवून भागत नाही. आम्ही १४ च्या वर ‘विचारा’ आणि २४ च्या वर ‘परत’ अशा दोन ठेवल्या. बेरीजही H आणि G च्या फरकावरून, मिनिटांतच करतो. वेळेच्या रकान्यात `hh:mm` फॉरमॅट असेल तर २६ तासांची बेरीज चक्क ०२:०० दिसते. अशक्य आकडा नेमका अशक्य असतानाच लपतो. वेळेतच बेरीज करायची असेल तर `[h]:mm` वापरा.

बंद जॉबची तपासणी सगळ्यांत सोपी वाटली होती आणि तिथेच जास्त चर्चा झाली. वरच्या उदाहरणातला २३९८ महिनाभरापूर्वी बंद झाला होता. बहुतेक वेळा असे तास मागच्या आठवड्याची शीट कॉपी केल्यामुळे येतात. पण या वेळी काम खरं होतं, साइटवरून आलेल्या शंकेवर ड्रॉइंग दुरुस्त केलं होतं. असे तास नाकारले तर माणूस ते दुसऱ्या चालू जॉबवर टाकून मोकळा होतो आणि तिथला खर्च फुगतो. म्हणून विक्रीनंतरच्या कामासाठी वेगळा जॉब नंबर उघडून घ्यावा लागला. तुलना कामाच्या तारखेशी करायची, नोंद भरल्याच्या तारखेशी नाही, नाहीतर जॉब बंद होण्याआधीचं पण उशिरा भरलेलं काम उगाच अडकतं. आणि चालू जॉबपुढे बंद होण्याची तारीख रिकामी ठेवू नका. `XLOOKUP` रिकाम्या जागेचं उत्तर शून्यासारखं वापरतं, मग प्रत्येक चालू जॉब बंद ठरतो. आम्ही तिथे ३१-१२-९९९९ भरतो.

काही चढलेल्या नोंदी मात्र निराळ्या निघाल्या. स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचा रन संध्याकाळी लावून इंजिनिअर दुसऱ्या जॉबवर बसतो आणि दोन्हीचे तास स्वतःच्या नावावर लिहितो. इथे लबाडी नसते, मशीनचे तास माणसाच्या खात्यात पडलेले असतात. त्यासाठी आता वेगळी ओळ आहे आणि ती या तपासणीतून वगळली आहे.

जे पकडलं जात नाही तेही सांगायला हवं. पत्रक सुरू झाल्यावर काही जणांच्या शीट एकदम आखीव झाल्या : रोज ९ ते १, २ ते ६. चढण्याचा प्रश्नच नाही, बेरीज आठ, जॉब चालू. अशा शीटवर आमचं एकही सूत्र बोट ठेवू शकत नाही. थोडा अंदाज येतो तो नोंद केव्हा भरली त्या वेळेवरून. पाचही दिवस शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटांत भरलेले असतील तर ते आठवून लिहिलेले आहेत. आमच्या CSV फाइलमध्ये हा रकाना येतो, तुमच्यात येतो का ते आधी बघून घ्या. मी यावर लाल खूण लावलेली नाही. ती यादी फक्त लीडला देतो, तोच त्या माणसाशी बोलतो.

वेळेबद्दल एक सूचना. यादी सोमवारी पाठवली तर उत्तर येतं, ‘आता आठवत नाही.’ शुक्रवारी चारच्या सुमारास एकदा चालवली तर गुरुवारचा कॉल माणसाच्या डोक्यात ताजा असतो. आता सोमवारची फेरी फक्त उशिरा भरलेल्या नोंदींसाठी उरली आहे. पन्नासेक माणसांच्या आणि चालू-बंद होणाऱ्या अनेक जॉबच्या ऑफिसला हे पत्रक पुरतं. ज्यांचे लोक नुसते तासांचे आकडे भरतात, सुरुवात-शेवट लिहीत नाहीत, त्यांना मात्र यातली चढलेल्या नोंदींची तपासणी लावताच येणार नाही. त्यांनी बेरीज आणि बंद जॉब एवढ्यापासून सुरुवात करावी.