मोठी वस्तू एकदम न काढता तुकड्यांत काढणं: Content-Aware Fill, काही महिने वापरल्यानंतर

फोटोशॉपमधलं Content-Aware Fill मी रोजच वापरतो. पण गेल्या पावसाळ्यापासून ते वापरायची पद्धत बदलली आहे. मोठी वस्तू काढायची असेल तर तिच्याभोवती एकच मोठं सिलेक्शन करून भरत नाही. आधी तिच्या मागून जाणाऱ्या रेषा उभ्या करतो आणि मग एकेक भाग वेगळा भरतो. माझं काम कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांच्या आणि घरगुती फोटोंचं. त्यात ही पद्धत इतकी उपयोगी पडली की सविस्तर लिहावंसं वाटलं.

उदाहरण एकाच फोटोचं देतो. शुक्रवार पेठेतला एक वाडा उतरवायचा होता. त्याआधी घरच्यांनी काढलेला समोरचा फोटो त्यांना मोठा करून फ्रेममध्ये हवा होता. त्या घरातले काका म्हणाले, "एवढा टेम्पो तेवढा काढा बघा, बाकी सगळं झकास आहे." टेम्पोने फोटोची जवळपास एक तृतीयांश रुंदी अडवली होती. त्याच्यामागे ओसरीचे दोन लाकडी खांब, त्यांचे तळखडे, ओसरीची कड, घडीव काळ्या दगडाच्या जोत्याचे थर आणि खाली रस्ता, एवढं सगळं दडलं होतं. शिवाय गल्ली अरुंद, त्यामुळे फोटो तिरका निघालेला. जोत्याची रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू चढत होती.

अशा ठिकाणी एकाच सिलेक्शनने भरलं की काय होतं, ते कारणासकट समजून घेण्यासारखं आहे. हे टूल आजूबाजूच्या चित्राचे छोटे छोटे तुकडे शोधून आणतं आणि रिकाम्या जागेत एकमेकांशी जुळतील असे बसवतं. सिलेक्शनच्या काठाला त्याला खऱ्या चित्राचा आधार असतो. काठापासून जितकं आत जावं तितका आधार कमी होतो, आणि मधोमध ते स्वतःच भरलेल्या तुकड्यांना तुकडे जोडत राहतं. मग डावीकडून आलेली जोत्याची कड आणि उजवीकडून आलेली कड मध्यावर भेटतच नाहीत. एक वर राहते, दुसरी खाली, आणि मध्ये अर्धा खांब, अर्धा दगड, त्याखाली पुन्हा ओसरीचा तुकडा. लांबून बरं दिसतं, पण मोठी प्रिंट काढली की इमारत वितळल्यासारखी वाटते.

म्हणून आधी रेषा. डावीकडे जिथे ओसरीची कड स्वच्छ दिसते, तिथला एक लांबट पट्टा निवडून Ctrl+J ने वेगळ्या लेयरवर घेतला. Ctrl+T करून, उजव्या क्लिकमधल्या Distort ने त्याचा उतार जुळवला आणि तो थेट टेम्पोच्या अंगावरून पलीकडच्या कडेपर्यंत नेला. उजवीकडचा भाग कॅमेऱ्यापासून लांब, म्हणून पट्टा तिकडे किंचित अरुंद ठेवावा लागतो. जोत्याच्या तळाची, रस्त्याला टेकणारी रेघ तशीच. खांबांचं काम त्याहून सोपं झालं, कारण डावीकडचा एक खांब तळखड्यासकट पूर्ण दिसत होता. त्याचा खालचा भाग घेऊन, थोडा लहान करून, दडलेल्या दोन्ही खांबांना जोडला. एवढं झालं की टेम्पो अजून फोटोत असतो, पण त्याचे भाग पडलेले असतात: वर ओसरीचे खण, मध्ये जोतं, खाली रस्ता.

त्यानंतर एकेक भाग भरायचा. प्रत्येक वेळी आधी Ctrl+Shift+Alt+E ने सगळ्या लेयरचा एक एकत्र लेयर वर तयार करतो, म्हणजे नव्याने बसवलेल्या रेषाही टूलला दिसतात. त्यावर एकच खण निवडायचा, Edit मेनूतून Content-Aware Fill उघडायचं आणि नमुना कुठून घ्यायचा ते दाखवणारा हिरवा भाग हाताने आखायचा. मागच्या भिंतीसाठी फक्त भिंत, जोत्यासाठी फक्त जोतं. Rotation Adaptation मी None वर ठेवतो, नाहीतर सरळ थरांत तिरपे दगड येतात. फोटो तिरका असेल तर Scale चालू. Output नेहमी New Layer वर, म्हणजे एखादा भाग फसला तर तेवढाच पुसता येतो.

या पद्धतीत एक अडचण आहे जी एकदम भरताना येत नाही. एक खण भरता तेव्हा उरलेला टेम्पो शेजारीच उभा असतो. हिरव्या भागातून तो पूर्ण पुसला नाही तर निळा पत्रा भिंतीत उगवतो. पुसला तरी सिलेक्शनची जी कड टेम्पोला लागते, तिथे निळसर छटा उतरते, कारण भरताना काठाशी जुळवून घेणं हे या टूलचं कामच आहे. उपाय साधा आहे. पुढचा तुकडा निवडताना आधी भरलेल्या भागाची तीस-चाळीस पिक्सेलची पट्टी त्यात घ्यायची, म्हणजे बिघडलेली कड पुन्हा भरली जाते. जिथे खांब किंवा कड आधीच बसवली आहे तिथे हा प्रश्न जवळजवळ येत नाही, आणि म्हणूनच तुकडे रेषांवर पाडायचे, मन मानेल तिथे नाही.

तुकडे फार बारीक केले तरी नुकसान आहे. भरलेल्या भागातून पुन्हा नमुना, त्यातून पुन्हा नमुना, असं होत गेलं की दगडाचा खरखरीतपणा जातो आणि तो भाग मऊ, धुतल्यासारखा दिसतो. म्हणून हिरवा भाग शक्यतो मूळ फोटोवरच ठेवतो. एक खण म्हणजे एक तुकडा, जोत्याचे दोन थर म्हणजे एक तुकडा, त्याहून खाली सहसा जात नाही. रस्ता शेवटी, टेम्पोच्या सावलीसकट. सावली राहिली तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

तपासणी 100% वर करतो आणि मग कॅनव्हास आडवा उलटवून बघतो. उलट्या चित्रात पुन्हा पुन्हा आलेला डाग चटकन डोळ्यात भरतो. जोत्यात आणखी एक गोष्ट बघायची: खालच्या थराचा उभा सांधा आणि वरच्या थराचा सांधा एका रेषेत आले का. चांगल्या दगडी बांधकामात सांधे मोडून घेतलेले असतात. टूलला हे माहीत नाही, ते सांध्यावर सांधा आणून बसवतं, आणि गवंडीकाम बघितलेल्या माणसाला ते लगेच कळतं. असे सांधे Clone Stamp ने हाताने सरकवले.

सगळं एकदम भरायला काही क्षण लागतात. या फोटोला दुपार गेली. आकाश, गवत, रंकाळ्याचं पाणी अशा ठिकाणी एवढा खटाटोप करायची गरज नाही, तिथे एकदम भरलेलं चालतं. जिथे रेषा वस्तूच्या मागून पलीकडे जातात तिथेच ही मेहनत वसूल होते.

आणि जे दडलंय ते कुठलीही पद्धत सांगू शकत नाही. काम दाखवल्यावर काका म्हणाले, "जोत्यात दिवळी होती की हो, इथं." भरलेला दगड अगदी सुबक होता, पण वाडा तसा नव्हता. घरातल्या एका जुन्या लग्नाच्या फोटोत ती दिवळी सापडली. स्कॅन करून, उतार जुळवून तिथे बसवली, आणि टेम्पोमागचा भाग जुळवून केलेला आहे हे प्रिंटच्या मागे लिहून दिलं.