तिकीट खरे, कार्ड मात्र वीस वर्षांनी धाकटे

जुन्या अमेरिकी स्टुडिओ-छायाचित्रांच्या खरेदीत माझी झालेली फसवणूक सविस्तर लिहीत आहे, कारण हीच युक्ती इतरांवरही चालू शकते.

मी घेतलेले कार्ड कार्त-द-व्हिझिट प्रकारचे, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले, साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरचे छायाचित्र होते. त्यात घेरदार क्रिनोलिन घातलेली, केसांचा मधोमध भांग पाडलेली एक स्त्री उभी होती आणि मागे दोन सेंटचे महसुली तिकीट चिकटवलेले होते. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेत छायाचित्रांवर असे तिकीट लावण्याची सक्ती १ सप्टेंबर १८६४ पासून १८६६ च्या ऑगस्टपर्यंत होती. पोशाखही त्याच काळाशी जुळत असल्यामुळे विक्रेत्याने सांगितलेले १८६५ हे साल मी निमूटपणे मान्य केले.

कार्ड हातात आल्यावर पहिली शंका पुठ्ठ्यामुळे आली. १८६० च्या दशकातले पुठ्ठे बहुधा पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचे असतात, तर याचा पुठ्ठा जाड, कोपरे गोल आणि कडा तिरक्या कापून सोनेरी केलेल्या होत्या, जी १८८० च्या दशकाची ठळक खूण आहे. पाठीमागचे नक्षीकामही पूर्ण पाठ व्यापणारे होते. तिकिटाच्या काळात तिथे बहुतेक वेळा छायाचित्रकाराचे नाव-पत्ता आणि फार तर लहानशी चौकट एवढेच असे.

मग भिंगाखाली पाहिले. स्त्रीच्या चेहऱ्यावरून गेलेला ओरखडा बोटाला लागत नव्हता आणि तिथे कागदाचा पृष्ठभाग अखंड होता. म्हणजे ओरखडा मूळ छायाचित्रावरचा होता आणि माझे कार्ड ही त्या छायाचित्राची पुन्हा काढलेली नक्कल होती. कॉलरची लेसही त्यामुळेच पांढऱ्या डागासारखी सपाट झाली होती. अशी नक्कल करून घेणे त्या काळी अगदी सर्रास चाले, त्यात लबाडी काहीच नव्हती.

लबाडी होती ती तिकिटात. तिकीट खरे होते, पण ते रद्द करणारी शाईची रेघ तिकिटाच्या कडेला एकदम थांबत होती, पुठ्ठ्यावर तिचा मागमूसही नव्हता. एवढ्यावरून मी आरोप केला नसता, कारण रेघ तिकिटातच संपलेली खरी कार्डेही असतात. मात्र तिकिटाचा एक कोपरा सुटलेला होता आणि त्याखाली स्टुडिओच्या छापील मजकुरातला ‘जुन्या चित्रांच्या प्रती करून मिळतील’ अशा अर्थाच्या ओळीचा शेवट दिसत होता. नेमकी तीच ओळ झाकली होती.

पोशाखावरून फक्त स्त्री कॅमेऱ्यासमोर केव्हा उभी राहिली याचा अंदाज येतो, आणि तोही सैल, कारण वयस्क स्त्रिया जुनी फॅशन बरीच वर्षे चालू ठेवत. कार्ड मात्र त्यावरच्या सर्वांत नव्या खुणेपेक्षा जुने असूच शकत नाही, आणि इथे ती खूण पुठ्ठ्याची होती. विक्रेत्याने ‘पोशाख पाहा’ एवढेच उत्तर देऊन पैसे परत करणे नाकारले. त्याने पाठवलेले चित्र मी पुन्हा उघडले, तेव्हा त्यात कार्डाच्या चारही कडा चित्राबाहेर राहतील अशी कापणी केलेली होती.