लिंक्ड डिव्हाइसेस: नानांच्या फोनवरचा काही महिन्यांचा अनुभव

चोपड्याला आमच्या नानांचा केळीचा सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर चालतो. भाव, गाडीचा नंबर, वजनाच्या पावतीचा फोटो, सगळं तिथंच. पावत्या छापायच्या म्हणून घरच्यांनी कधीतरी तो कॉम्प्युटरवर जोडला आणि तसाच सोडला.

गडबड कळली ती न वाचलेल्या मेसेजच्या हिरव्या आकड्यावरून. व्यापाऱ्याचा मेसेज वाजायचा, नाना चष्मा शोधेपर्यंत आकडा गायब, आणि तिकडे व्यापाऱ्याला निळ्या टिका. "मना मेसेज कोन वाची राहिना रे?" असं ते विचारायचे. वेबवर कुणी चॅट उघडलं की फोनवरही ते वाचलेलं धरलं जातं. माझ्या मते दुसरीकडे कुणीतरी बसलंय याची यापेक्षा सोपी खूण नाही.

अँड्रॉइडवर वरचे तीन ठिपके, मग 'लिंक्ड डिव्हाइसेस'. आमच्या यादीत दोन नोंदी होत्या, दोन्ही गुगल क्रोम आणि विंडोजच्या. यादीत माणसाचं नाव नसतं, फक्त ब्राउझर आणि शेवटचं वापरल्याची वेळ. म्हणून रात्री काम थंडावल्यावर चुलतभावाला फोन केला, "तुझ्या कॉम्प्युटरवरून नानांच्या नावानं मला नुसतं 'हो' पाठव." ज्या नोंदीची वेळ बदलली, ती त्याची. दुसरी मी उघडून लॉग आउट केली.

सकाळी आतेभावाचा फोन. "भाऊ, इथं क्यूआर कोड दिसतोय, गाडी भरून उभी आहे, पावती कशी काढू?" तो गेल्या हंगामापासून दुकानातून हेच काम करत होता आणि त्याच्याकडून चॅट नुसती उघडी राहायची. लॉग आउट झाल्याचा निरोप समोरच्याला आधी जात नाही, थेट कोडच दिसतो. घरातलं माणूस असेल तर आधी विचारावं, मग काढावं. अनोळखी नोंद दिसली तर मात्र विचारत बसू नये.

"14 दिवसांत लिंक आपोआप जाईल की" म्हणणारे बरेच भेटतात. पण ते 14 दिवस मुख्य फोन न वापरल्याचे असतात. नानांचा फोन रोज चालू, त्यामुळे लिंक तशीच राहते. टॅब बंद करूनही ती तुटत नाही. आणि लॉग आउट केल्यावर तिथल्या चॅट जातात, पण डाउनलोड झालेल्या पावत्या आणि फोटो त्या कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये राहतात. ते तिथं बसूनच काढावे लागतात. आतेभावाला तेवढं करायला लावलं, मगच पुन्हा जोडून दिलं.

जोडायला क्यूआरच लागतो असंही नाही. कॉम्प्युटरवर दिसणारा 8 अक्षरांचा कोड फोनमध्ये टाकला तरी लिंक होते. म्हणजे कुणी फोनवर कोड सांगितला आणि नानांनी भोळेपणानं टाकला, की झालं. आता नानांना सांगून ठेवलंय, कोड टाकायचा असेल तर आधी मला हाक मारायची.